‘तपासले’ या शब्दाखालची सही

कुडाळच्या एका छोट्या सल्लागार कंपनीत मी निवृत्तीनंतर अहवालांची भाषा शुद्ध करून देतो. कंपनीची प्रमुख माझी जुनी विद्यार्थिनी. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराचे धोरण लिहिण्याचे काम तिने माझ्यावर सोपवले, तेव्हा एक वाक्य मी समाधानाने घातले होते: ‘यंत्राच्या साहाय्याने लिहिलेला प्रत्येक अहवाल माणसाने तपासलेला असावा.’

त्याच आठवड्यात आचऱ्याकडच्या एका वाडीतील विहिरींचा अहवाल हाती आला. त्याच दिवशी दुपारी चारला तो ओरोसला ग्राहकाकडे पोहोचायचा होता. मालवणीतल्या मुलाखतींची टिपणे यंत्राने प्रमाण मराठीत उतरवली होती. मी विभक्ती आणि ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, ‘तपासले’ या चौकटीत सही केली.

जेवणानंतर सहज मूळ टिपण उघडले. शेजारच्या विहिरीविषयी एक आजी म्हणाली होती, “त्या बावीचा पाणी खारा झाला खंय.” अहवालात होते, ‘त्या विहिरीचे पाणी खारट झाले आहे.’ आमचा ‘खंय’ प्रश्नात ‘कुठे’ असतो, पण वाक्याच्या शेवटी तो ‘म्हणे’ होतो; संस्कृतातला ‘किल’च. यंत्राने तो गाळला आणि ऐकीव गोष्ट घडलेली झाली. तिच्यावरून विहीर बंद करण्याची शिफारसही होती. सात घरे तिचे पाणी पितात.

पाहणी करून आलेल्या भूजलतज्ज्ञ बाईंना मी विचारले, “त्या विहिरीचं पाणी मोजलंत?”

“नाही, गुरुजी. त्या दिवशी विहिरीच्या फाटकाला कुलूप होतं. ते वाक्य मला खटकलं होतं, पण खाली तुमची सही दिसली.”

“मी भाषा तपासली.”

“मगे पाणी कोणी तपासला?” त्या हसल्या आणि लगेच त्यांनी अहवाल पुढे ओढला.

साडेतीन वाजत आले होते. प्रमुखाला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “गुरुजी, मी तर तुम्हा दोघांच्या भरवशावर सही करणार होते.” तिने ग्राहकाला फोन करून दोन दिवस मागितले. पलीकडचा आवाज चढलेला मला ऐकू येत होता.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, पण जपाचे मणी बोटांत अडखळत होते. मग धोरणाचा मसुदाच पुढे घेतला. यंत्र कोठे वापरले ते ग्राहकाला कळवावे. त्याची गोपनीय माहिती बाहेरच्या साधनात घालू नये. प्रत्येक विधानापुढे त्याचे टिपण किंवा मोजमाप दाखवावे, आणि ऐकीव असेल तर तसे लिहावे. भाषेखाली माझी सही, तथ्याखाली पाहणी करणाऱ्याची, आणि अहवाल बाहेर सोडण्याची सही प्रमुखाची. ‘यंत्राने लिहिले’ ही सबब कोणाचीच नाही. अहवालाच्या चौकटीतला ‘तपासले’ हा शब्दही मी खोडला.

दुसऱ्या दिवशी बाई किल्ली मिळवून वाडीत गेल्या. दुपारपर्यंत फोन नव्हता. आला तेव्हा त्या म्हणाल्या, “क्षार मोजायच्या मीटरवर आलेला आकडा लिहिलाय. पाणी गोडा आसा, गुरुजी. मी चाखूनपण बघितलं.”

दुरुस्त झालेला अहवाल बाईंकडून माझ्याकडे परत आला. ‘भाषा’ या शब्दाखाली सही करताना मी टिपण पुन्हा एकदा वाचले.