निळा थेंब

चौथीच्या बाई एरवी तापट, पण थेंबाची गोष्ट सांगताना मऊ व्हायच्या. "समुद्रातला थेंब उन्हानं तापतो, वाफ होऊन आईचा हात सोडतो. वरच्या गारव्यात पुन्हा थेंब होतो, भावंडांसोबत ढगात राहतो, जड झाला की पाऊस होऊन पडतो. कुणी जमिनीत मुरतो, कुणी नदीचं बोट धरून घरी येतो." वीस वर्षं हीच गोष्ट. लेक परदेशी गेल्यापासून मात्र शेवटचं वाक्य बाई खिडकीबाहेर बघत म्हणायच्या.

यंदा मुलांना आपला थेंब ओळखता यावा म्हणून बाईंनी गरम पाण्याच्या पातेल्यात निळी शाई घातली आणि बर्फ ठेवलेली ताटली वर झाकली. थोड्या वेळानं ताटली उचलली. तिच्या बुडाला थेंब जमले होते, पण नितळ.

बाईंनी कपाळावर हात मारला. "हे माझ्या लक्षातच आलं नाही! पाणी तेवढं वर जातं, शाई खालीच राहते. समुद्राचं मीठही तसंच."

"मग आईनं त्याला ओळखायचं कसं?" पहिल्या बाकावरच्या चिमुरडीनं विचारलं.

बाईंना आठवलं, गेल्या खेपेला दारात केस कापलेली लेक उभी होती आणि बाईंनी विचारलं होतं, "कोण हवंय?"

तेवढ्यात हातातल्या ताटलीच्या बुडाचा एक थेंब ओघळून पातेल्यात पडला.

"झाला की निळा!" चिमुरडी ओरडली.

संध्याकाळी बाईंनी फोन लावला. "तुझी खोली तशीच आहे गं," त्या म्हणाल्या. "कशीही ये."