आंबट कायमचं बंद

सौदीतल्या जुबैलला कामगारांच्या कॅम्पच्या दवाखान्यात नर्स म्हणून येण्याआधी मी कोकणात एका आरोग्य मोहिमेत पत्रकं लिहायचो. पत्रकाचं एक तंत्र असतं. वाक्य छोटं ठेवायचं, शब्द ठोकून लिहायचा आणि वाचणाऱ्याला पळवाट ठेवायची नाही. 'शक्यतो', 'काही दिवस', 'बेतानं' असले शब्द दिसले की आमचे प्रमुख लाल पेनानं उडवायचे. मला ते पटायचं. अजूनही बरंचसं पटतं, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

कुडाळकडचे एक पाइप फिटर होते, पन्नाशीचे. मी त्यांना काका म्हणायचो आणि ते मला 'डाक्टरानू' म्हणून चिडवायचे. गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळ्या खाऊन खाऊन त्यांना छातीत जळजळ सुरू झाली. आठवड्यातून दोनदा येणारे आमचे पाकिस्तानी डॉक्टर म्हणाले, गोळ्या बंद, दोन हफ्ते आंबट-तिखट कमी. मी कॅम्पसाठी मराठीत एक पत्रक केलं होतं, तेच काकांच्या हातात दिलं. त्यात माझ्या अक्षरात होतं: 'आंबट, तिखट, तळलेलं कायमचं बंद!' काकांनी ते घडी न घालता नेलं आणि लॉकरच्या दाराला आतून चिकटवलं.

चार महिन्यांनी ते परत आले, नडगीची जखम घेऊन.

जखम विचित्र होती. लहानपणी कोयता लागला होता, त्याची ती खूण. चाळीस वर्षांपूर्वी भरलेली. कुठे आपटले नव्हते, काही लागलं नव्हतं, आणि ती आपोआप उकलली होती. मी रोज धुऊन पट्टी बांधायचो. पंधरा दिवस झाले तरी कड जुळेना. त्यात मांड्यांवर निळे-काळे डाग उठले. खोलीतल्या लोकांनी काकांची बादली वेगळी केली. 'कायतरी वाईट रोग आसा,' अशी कुजबुज सुरू झाली. फोरमन दवाखान्यात येऊन मलाच म्हणाला, "खुद खुरचता है. आराम चाहिए उसको." मी त्याला दारापर्यंत हाकललं. राग करायला मला कोणीतरी लागतंच.

काकांच्या हिरड्या जांभळ्या, सुजलेल्या होत्या. मी तंबाखूवर भाषण दिलं.

"सोडून वरीस झाला रे मेल्या," काका म्हणाले. पाणी प्यायले तर पेल्याच्या काठाला रक्त लागलं.

त्यांचा इकामा, म्हणजे सौदीत राहायचा परवाना, नूतनीकरणाला आला होता. कंपनीची वैद्यकीय तपासणी तीन आठवड्यांवर होती. उघड्या जखमेचा माणूस अनफिट, आणि अनफिट म्हणजे फायनल एक्झिट, कायमचं घरी. काकांना अजून दोन वर्षं काढायची होती. ते रोज एकच विचारायचे, "तवसर भरतली मा?" आणि मी रोज हो म्हणायचो.

एकदा माझ्या डोक्यात आलं, जीवनसत्त्व कमी पडलं असेल का? पण मोहिमेत मी शिकलो होतो ते एकच, रातांधळेपणा. आश्रमशाळेतली एक मुलगी आठवत होती. दिवसा सुईत दोरा ओवायची आणि दिवेलागणीला दारातल्या घागरीवर आपटायची. अंधुक उजेडात बघायला डोळ्याच्या पडद्याला अ जीवनसत्त्व लागतं. तिला त्याचा डोस दिला आणि थोड्याच दिवसांत ती संध्याकाळीही नीट चालू लागली. माझ्यासाठी जीवनसत्त्व म्हणजे ती मुलगी. म्हणून मी मगरिबच्या वेळी, अंधारून येताना, काकांना अंगणात नेलं आणि दूरची पाण्याची टाकी दाखवून विचारलं, दिसते का?

"माका मांजरासारखा दिसता. तुका चष्मो होयो काय?"

झालं. जीवनसत्त्व ठीक, असं मी ठरवून टाकलं. अ जीवनसत्त्वाचा साठा यकृतात महिनोन्महिने पुरतो. क जीवनसत्त्व शरीर असं साठवून ठेवत नाही. खाणं थांबलं की दोन-तीन महिन्यांत संपत येतं. एकाची परीक्षा घेऊन मी दुसऱ्याला पास केलं होतं.

डॉक्टर महिनाभराच्या सुट्टीवरून आले. त्यांनी जखमेकडे पाहिलंच नाही आधी. नडगीवरच्या केसांकडे बघत बसले. केस वेटोळे झालेले आणि प्रत्येकाच्या मुळाशी लाल ठिपका.

"पट्टी से नहीं भरेगा," ते मला म्हणाले. "ये खाता क्या है, पूछा कभी?"

मी पेटलोच. मेसवर माझा दात होताच. भाजी पहाटे शिजवायची, दुपारपर्यंत डब्यात गरम ठेवायची. उष्णतेनं तिच्यातलं क जीवनसत्त्व बरंचसं मरतं, पोटात जातो तो नुसता हिरवा लगदा. मी डॉक्टरांसमोर मेसच्या ठेकेदाराचे वाभाडे काढले. त्यांनी ऐकून घेतलं आणि काकांकडे वळले. "संतरा तो देते हैं ना रोज?"

देत होते. प्रत्येक डब्याबरोबर एक संत्रं. कॅम्पातले बाकीचे लोक त्या एका संत्र्यावर तरले होते.

"तां मी बाजूच्याक देतंय," काका म्हणाले. मग माझ्याकडे बघून, शाबासकी मिळेल अशा आवाजात, "एक फोड सुद्धा खाऊक नाय. लिंबू नाय, टोमॅटो नाय, आमसुलांची पिशवी वाटून टाकलंय. तूच लिवलंस मा? कायमचा बंद."

चार महिने हा माणूस चहा-पाव, वरण-भात आणि उकडलेली भाजी खाऊन राहिला होता. सोलकढीवाचून ज्याचं जेवण पुरं होत नसे, तो. जळजळ कधीच थांबली होती.

डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, स्कर्व्ही. पेशींना धरून ठेवणारा धागा शरीर रोज विणतं, जुन्या खुणेतसुद्धा. क जीवनसत्त्व नसलं की विणकाम थांबतं, जुनं झिजत राहतं आणि चाळीस वर्षांची खूणही उसवते. मी ऐकत होतो. काका डॉक्टरांना विचारत होते, आता संत्रं खाल्लं तर चालेल ना, जळजळणार नाही ना.

क जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू झाल्या, संत्रीही. चार-पाच दिवसांत हिरड्यांचं रक्त थांबलं. डाग पिवळे पडू लागले. जखमेच्या कडा गुलाबी झाल्या. पण तपासणीला सहा दिवस उरले होते आणि भरायला अजून दोन-तीन आठवडे हवे होते.

मुदत वाढवून मिळण्याचा एकच रस्ता होता. ऑफिसने दवाखान्याचा अहवाल मागितला आणि त्यात कारणाचा रकाना होता. दवाखान्याच्या सूचनेमुळे झालेला आजार असेल तर बरा होईपर्यंत ठेवून घेतात. डॉक्टर म्हणाले, "तुम लिखो. पर्चा तुम्हारा था." त्यांनी मला वाचवलंही नाही आणि ढकललंही नाही.

मी लिहिलं: 'रुग्णाने स्वतः फळे वर्ज्य केल्यामुळे.'

छोटं वाक्य. खोटंही नव्हतं. मला नोकरी टिकवायची होती, हे त्यात नव्हतं एवढंच.

काकांचा खुरूजचा, म्हणजे एक्झिटचा, शिक्का आला. निघायच्या सकाळी ते शेवटची पट्टी करायला आले. मी जुनी काढली. खाली बोटभर उघडी जागा उरली होती, बाकी सगळी नवी कातडी. त्यांनी वाकून पाहिलं, पाय टेकला, दोन पावलं चालून दाखवली. खूश होते.

"बरी झाली मा?"

"होतेय, काका."

"मगे माका कित्याक धाडतत?"

मी नवी पट्टी बांधायला घेतली. हळू बांधली, जमेल तितकी हळू. खाली बस हॉर्न देत होती.