एफओबीपुढचं बंदर

मामांनी आयुष्यभर फारसी शिकवली. निवृत्तीच्या सुमाराला त्यांचा अख्खा वर्ग एका बाकावर मावत असे, वर पिशव्या ठेवायलाही जागा उरे. त्यामुळे भाचीने जेव्हा कस्टम्ससाठी एका फारसी इन्व्हॉइसचं इंग्रजी भाषांतर करायला सांगितलं, तेव्हा मामांना वाटलं, जगाला अखेर आपली गरज पडली. प्रत्यक्षात गरज एका कंटेनर सुक्या अंजिरांना पडली होती.

भाचीने नोकरी सोडून आयात माल कस्टम्समधून सोडवून द्यायचं, म्हणजे क्लिअरिंगचं, स्वतःचं ऑफिस थाटलं होतं. अंजीरवाले शेठ तिचं पहिलंच गिऱ्हाईक. "मामा, हा माल अडकला तर शेठ जुन्या एजंटकडे परत जातील, आणि मी जुन्या साहेबांकडे."

"अगं, निर्धास्त राहा," मामा म्हणाले. यातली 'धास्त' फारसीतूनच इथवर पोचलीय, हेही त्यांनी सांगितलं. तिने विचारलं नव्हतं.

आधी मामांनी व्यापारी अटींचं एक जाडजूड पुस्तक वाचून काढलं. इन्व्हॉइसवरची सौर हिजरी तारीख इंग्रजी तारखेत बसवली, निव्वळ वजन आणि डब्यांसकट वजन जागच्या जागी टाकलं. मग ते किमतीच्या अटीपाशी आले. तिथे इंग्रजी अक्षरांत एफओबी होतं आणि पुढे फारसीत आपल्याच बंदराचं नाव.

मामा गालातल्या गालात हसले. एफओबी म्हणजे विकणाऱ्याने माल जहाजावर चढवून दिला की त्याची जबाबदारी संपली. पुढचं जहाजभाडं घेणाऱ्याचं. म्हणजे नाव हवं माल चढवला त्या बंदराचं. बिचाऱ्याला एवढंही कळत नाही! पुस्तक वाचून मामांना जेमतेम तीन दिवस झाले होते, पण तेवढ्यात ते जगाच्या व्यापाराचे परीक्षक झाले होते. त्यांनी बंदर बदललं, खाली 'मूळ प्रतीशी तंतोतंत' असा शिक्का उमटवला आणि पत्नीला म्हणाले, "त्या माणसाची अब्रू वाचवली."

"त्याने मागितली होती का?" ती म्हणाली.

दोन दिवसांनी भाचीचा फोन आला. "मामा, असाल तसे कस्टम हाऊसला या."

ड्युटी ठरवणाऱ्या अप्रेझर साहेबांच्या टेबलावर मामांचं भाषांतर आणि जहाज कंपनीची माल चढवल्याची पावती, म्हणजे बिल ऑफ लेडिंग, शेजारी शेजारी पडली होती. "इन्व्हॉइस एफओबी," साहेब म्हणाले, "म्हणून मी भाडं आणि विमा वर धरून ड्युटी लावणार. पण बिल ऑफ लेडिंग म्हणतं, भाडं तिकडेच भरलंय. मग भरलं कुणी? शेठनी भरलं असेल तर पावती कुठाय?"

भाचीने मूळ प्रत मामांसमोर सरकवली. "एफओबीपुढे काय लिहिलंय?"

मामांचा चेहरा सुक्या अंजिरासारखा झाला. "आपलं बंदर."

"आणि तुम्ही काय लिहिलंत?"

"अगं, त्याचं चुकलं होतं. मी सुधारलं."

"चुकीचं टोक सुधारलंत!" भाची म्हणाली. "बंदर बरोबर असेल, अटच चुकली असेल. भाडं धरून किंमत लावली असली तर सीएफआर हवं. तसं असेल तर शेठ भाड्यावर दुसऱ्यांदा ड्युटी भरणार, तुमच्या कृपेने."

साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "प्रोफेसर, पेपर तपासायला दिला नव्हता. चूक दिसली तर तशीच उतरवायची आणि खाली टीप द्यायची. विक्रेत्याकडून दुरुस्त इन्व्हॉइस आणा, मग पाहू."

मामांनी बाहेरच्या व्हरांड्यातून विक्रेत्याला फोन लावला. चाळीस वर्षं जपलेली फारसी पहिल्यांदाच खऱ्या माणसावर चालवायची होती. त्यांनी त्याच्या दीर्घायुष्यापासून सुरुवात केली, घराण्याच्या भरभराटीला पोचले, आणि तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "जनाब, अंजीर घेताय की माझ्या मुलीला मागणी घालताय?"

मामांनी हे भाचीला जसंच्या तसं सांगितलं. दिवसातलं त्यांचं पहिलं तंतोतंत भाषांतर तेच.

भाडं विक्रेत्यानेच भरलं होतं. भाव तुमच्या बंदरापर्यंतचाच, एफओबी हे जुन्या नमुन्यातून चुकून राहिलं, असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी नवा इन्व्हॉइस आला. सीएफआर, पुढे आपलं बंदर. मामा उतरवायला बसले आणि थबकले. या खेपेला गड्याने निव्वळ वजन आणि एकूण वजन एकच लिहिलं होतं. म्हणजे डबे हवेचे!

योग्य आकडा पॅकिंग लिस्टमध्ये समोरच दिसत होता. हात शिवशिवले. मामांनी ते मांडीखाली दाबून ठेवले, मग एक बाहेर काढून आकडा होता तसा उतरवला, खाली टीप लिहिली, 'मूळ प्रतीत असेच आहे', आणि भाचीला फोन केला.

"बरं झालं कळवलंत," ती म्हणाली. "मी त्याच्याकडून दुरुस्त करून घेते. तुम्ही फोन करू नका हं, तो होकार कळवेल."

तिसरा इन्व्हॉइस मामांनी एकही शब्द न सजवता उतरवला. साहेबांनी भाड्याचा मुद्दा सोडला, नुसता विमा धरला, आणि संध्याकाळी माल सुटला. शेठनी पुढच्या कंटेनरचे कागद भाचीच्याच हाती ठेवले. तिने ते मामांकडे पाठवले, सोबत एक चिठ्ठी: 'मामा, यात सगळं चुकलेलं असलं तरी चालेल, तसंच उतरवा.'