पंचेचाळीस अंश

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात बारावी विज्ञानाच्या दोन तुकड्या आहेत. एकोणीस वर्षं त्या दोन्ही मीच शिकवल्या. मग जळगावहून एक तरुण सर धुळ्याला आमच्याकडे आले आणि ब तुकडी त्यांना मिळाली. ते पूर्वी क्लासमध्ये शिकवायचे. चौकातल्या एका फ्लेक्सवर त्यांचा हाताची घडी घातलेला फोटो अजून होता. मागे निळी वीज कडाडत होती. त्या विजेचा आणि बारावीच्या अभ्यासक्रमाचा काहीही संबंध नव्हता, हे मी पाहताक्षणी ओळखलं आणि मला बरं वाटलं.

ते बरं वाटणं आठवडाभर टिकलं. नंतर ब तुकडीतून हसण्याचे आवाज यायला लागले. भौतिकशास्त्राच्या तासाला हसणं हे माझ्या मते शिस्तीचं अपयश. एकदा मी कॉरिडॉरमधून मुद्दाम हळू चालत गेलो. नवे सर फोटो काढून टाकलेली रिकामी फ्रेम कॉइल म्हणून, म्हणजे तारेचं वेटोळं म्हणून, हातात घेऊन फिरवत होते. फळ्याच्या दोन टोकांना उत्तर आणि दक्षिण ध्रुव लिहिले होते. फ्रेम समोरासमोर असली की तिच्यातून सगळ्यात जास्त फ्लक्स, म्हणजे चुंबकीय प्रवाह, जातो, पण त्या क्षणी तो बदलत नसतो, म्हणून ईएमएफ, म्हणजे तयार होणारा विजेचा दाब, शून्य. फ्रेम आडवी झाली, धार क्षेत्राच्या दिशेने आली की आतून काहीच जात नाही, पण बदल सगळ्यात वेगाने होतो, म्हणून ईएमएफ कमाल. मुलं पुढे सरकून बघत होती. मी हेच एकोणीस वर्षं फळ्यावर काढत आलो होतो. फ्रेम मला सुचली नव्हती. पाच मिनिटांत घरी जाऊन आणता येईल अशी वस्तू, आणि सुचली नव्हती.

त्याच महिन्यात प्राचार्यांनी आम्हाला दोघांना बोलावलं. त्यांना प्रत्येक निर्णयाआधी घसा साफ करायची सवय आहे. ‘पुढच्या वर्षी दोन्ही बारावी एकाच सरांकडे द्यायच्या आहेत,’ ते म्हणाले. ‘दुसऱ्यांकडे अकरावी. पूर्वपरीक्षेची सरासरी ज्या तुकडीची जास्त, त्या सरांना बारावी. पारदर्शक पद्धत.’ पेपर मी काढायचा, कारण मी ज्येष्ठ. तपासायचा मात्र एकमेकांच्या तुकडीचा.

पेपर मी काढायचा, हे ऐकून मला जो आनंद झाला तो ज्येष्ठाला शोभणारा नव्हता.

क्लासच्या मुलांचं काय होतं हे मला ठाऊक होतं. फिरती कॉइल दिसली की हात आपोआप ‘ई शून्य साइन ओमेगा टी’ लिहितो. पण साइन तेव्हाच, जेव्हा सुरुवातीला कॉइलचं प्रतल क्षेत्राला लंब असतं. समांतर असेल तर कोसाइन. मी तीन मार्कांचा प्रश्न रचला. शंभर वेढ्यांची आयताकृती कॉइल, वीस सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटर, ०.०५ टेस्लाच्या क्षेत्रात मिनिटाला तीनशे फेरे. सुरुवातीला प्रतल क्षेत्राला समांतर. कमाल ईएमएफ काढा आणि ०.०२५ सेकंदांनंतरचा ईएमएफ काढा. मिनिटाला तीनशे म्हणजे सेकंदाला पाच, कोनीय वेग दहा पाय. वेढे, क्षेत्रफळ, क्षेत्र आणि कोनीय वेग यांचा गुणाकार ३.१४ व्होल्ट. पायचीच किंमत आली, हे पाहून मी स्वतःवर खूश झालो. एक मार्क कमालला, एक सूत्राला, एक उत्तराला. आणि परीक्षेच्या दोन दिवस आधी माझ्या अ तुकडीत सहज, म्हणजे दोनदा, म्हणालो, ‘कॉइल सुरुवातीला कुठे उभी आहे, हे बघत जा रे.’

ब तुकडीचे पेपर घरी आणले. पहिल्याच पेपरात साइन. दुसऱ्यातही साइन. मी चहा मागवला. चाळीसच्या चाळीस जणांनी साइन लिहिलं होतं, आणि चाळीसच्या चाळीस जणांचं उत्तर २.२२ व्होल्ट होतं. माझ्या आदर्श उत्तरातही २.२२ व्होल्टच होतं.

मी कोन पुन्हा मोजला. दहा पाय गुणिले ०.०२५ म्हणजे पाय छेद चार. पंचेचाळीस अंश. तिथे साइन आणि कोसाइन दोन्ही सारखेच. आकडे सुटसुटीत यावेत म्हणून एवढी मेहनत घेतली, आणि सबंध वर्तुळात जिथे माझा सापळा बंद होत नव्हता अशा दोनच कोनांपैकी नेमका एक निवडला.

तरी सूत्र चुकलं होतंच. मी प्रत्येकाचा एक मार्क कापला. माझ्या तुकडीची सरासरी त्या सरांनी आधीच कळवली होती; ब तुकडी पाऊण मार्कानं पुढे होती, ती आता पाव मार्कानं मागे गेली.

दुसऱ्या दिवशी निकालाची यादी लागली आणि ते सर स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन बसले. घाईत बोलताना ते अहिराणीवर यायचे; ‘सगळ्या’चं ‘बठ्ठ्या’ आणि ‘आहे’चं ‘शे’ व्हायचं.

‘सर, माझ्या बठ्ठ्या पोरांचा एकेक मार्क गेला.’

‘साइन लिहिलंय. कॉइल समांतर होती.’

त्यांनी पेपर ओढून घेतला, प्रश्न वाचला आणि कपाळावर हात मारला. ‘बरोबर शे, सर. मी फ्रेम नेहमी समोरूनच सुरू करायचो. चूक माझी, पोरांची नाही. मार्क जायलाच पाहिजे.’

मी भांडणाची तयारी करून आलो होतो. ती सगळी वाया गेली.

‘पण सर, पंचेचाळीस कसे काय घेतले?’

‘सोपे आकडे,’ मी म्हणालो.

‘हां. सोपे तर शेतच.’ मग ते जरा घुटमळले. ‘तुमच्याही सोळा जणांनी साइनच लिहिलंय. मी पूर्ण मार्क दिले. माझं तरी कुठे लक्ष होतं! उत्तर जुळलं, टिक केली. आता राहू द्या. निकाल लागलाय.’

सोळा. दोनदा सांगूनही सोळा. चाळीसात सोळा मार्क म्हणजे सरासरीला ०.४. माझी पाव मार्काची आघाडी त्यांच्या सोळा टिकमार्कांवर उभी होती, आणि ते टिकमार्क ते मला भेट देत होते.

लोक म्हणतील, मला न्याय आठवला. तसं काही झालं नाही. त्या माणसाकडे फ्रेम होती, मुलं होती, हसू होतं. आता मोठेपणाही त्याच्याकडेच जाणार, हे मला सहन झालं नाही. मी लाल पेन काढलं आणि सोळाही पेपरांवरचा एकेक मार्क त्यांच्यासमोर कापला. ते ‘सर, अहो सर’ म्हणत राहिले.

प्राचार्यांना मी सुधारित यादी दिली. त्यांनी घसा साफ केला. ‘म्हणजे ब तुकडी पुढे? किती?’

‘०.१५.’

‘एवढ्यावर बारावी जाते?’

‘पद्धत पारदर्शक आहे, सर.’

मग त्यांनी सही केली. अकरावी मला मिळाली.

बाहेर ते सर जिन्यापाशी थांबले होते. त्यांना कळलं होतं. अभिनंदन म्हणायची माझी तयारी झाली होती, पण त्यांनीच आधी तोंड उघडलं.

‘पुढच्या वर्षीही पेपर तुम्हीच काढा, सर. मला असे प्रश्न सुचत नाहीत. फक्त कोन तेवढा एकदा दोघं मिळून बघू.’

मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. बराच वेळ शोधला. सापडला असता तर त्या संध्याकाळी मला भूक लागली असती.