भीमाबाईंची हजेरी

भीमाबाई रेल्वेच्या गँगमध्ये तीस वर्षे खडी भरत होत्या. मुकादमाने वहीत हजेरी मांडलेली पाहिल्याशिवाय त्या घरी जात नसत.

यंदा डिसेंबरचे पेन्शन आले नाही. हयातीचा दाखला दिलेला नाही, अशी बँकेत नोंद होती. त्या माझ्याकडे अर्जासाठी आल्या. "लिव की धर्मपाल, मी जित्ती हाय, सायबाला दिसंना व्हय?"

मी लिहिले :

"मा. शाखाधिकारी, मी ११ नोव्हेंबर रोजी हयातीचा दाखला दिला असून त्याची पोच सोबत जोडली आहे. तरीही माझ्या पेन्शन खात्यावर 'दाखला सादर नाही' अशी चुकीची नोंद आहे. ती दुरुस्त करून थांबलेले पेन्शन जमा करावे, ही विनंती."

वर खाते क्रमांक आणि पेन्शन आदेशाचा म्हणजे पीपीओ क्रमांक घातला. खाली त्यांनी अंगठा दिला.

अर्ज घेऊन आम्ही दोघे बँकेत गेलो. साहेबांनी पोच पाहिली. "चूक आमचीच आहे, मावशी. करतो दुरुस्त, या तुम्ही."

"बघितल्याबिगर न्हाय जात."

त्या तासभर बाकावर बसल्या. शेवटी साहेबांनी स्क्रीन वळवली. भीमाबाईंनी माझ्याकडे पाहिले.

"दाखला मिळाला, ११ नोव्हेंबर," मी वाचले. "अडकलेलं पेन्शन पुढच्याबरोबर येईल, म्हणतात."

मग त्या उठल्या.