अक्कांच्या वर्गाचं लायसन

माझ्या वेबसाइटवर ब्लाऊजच्या पेपर कटिंगच्या पीडीएफ मिळतात. कटोरी, प्रिन्सेस, साधा चार टक्सचा. सोबत शिवायचं कसं ते सांगणारं छोटं ई-बुक. गिऱ्हाईक पैसे भरतं, त्याला मेलवर लिंक जाते, ते फाइल उतरवून घेतं, प्रिंट काढून पानं चिकटवतं आणि कापतं. निदान तसं व्हावं अशी माझी अपेक्षा असते. प्रत्यक्षात निम्म्या बायका प्रिंटवाल्याला ‘आहे त्याच मापात काढ’ म्हणून सांगायला विसरतात, तो पानात बसवायला सगळं जरा आखडतं करतो, आणि ब्लाऊज अंगात शिरला नाही की शिव्या मला. पहिल्याच पानावर तपासायचा चौकोन छापलाय. पट्टी लावून मोजा, असं ठळक लिहिलंय. पट्टी कोण लावतं?

अटींचं तर विचारूच नका. या कटिंगवरून कितीही ब्लाऊज शिवा आणि विका, पण फाइल दुसऱ्याला देऊ नका; परवाना एकाच व्यक्तीसाठी आहे; तो दुसऱ्या कुणाच्या नावावर करता येणार नाही. हे लिहिताना मी स्वतःला मोठी वकील समजत होते. बायका ते न वाचता ‘मान्य आहे’वर बोट टेकवतात आणि पुढे जातात. मीही बँकेच्या ॲपमध्ये तेच करते, त्यामुळे तोंड वर करून बोलायची सोय नाही.

एका दुपारी तक्रारीचा मेल आला. पैसे घेतले, लिंक उघडत नाही, तुम्ही फसवे आहात. मी नोंदी बघितल्या. माझी लिंक तीनदाच चालते आणि तीन दिवसांनी आपोआप मरते. ही बाई विकत घेऊन अजून चहाला बसली नसेल, तोवर तिन्ही वेळा संपलेल्या, आणि तेही तीन वेगवेगळ्या फोनवरून. मला चोर सापडल्याचा आनंद झाला. खोटं कशाला बोलू, अशा आनंदात मी फार टापटीप मराठी लिहिते. ‘आपली लिंक एकाहून अधिक व्यक्तींनी वापरल्याचे आढळले आहे. हे परवान्याचे उल्लंघन आहे.’ खाली माझा नंबर दिला आणि तिचं खातंच बंद करून टाकलं. उतरवून घेतलेल्या फाइली त्यानं परत येत नाहीत, पण मनाला बरं वाटतं.

दहा मिनिटांत फोन. “कोण गं तू, मला चोर म्हणणारी?”

आवाज मी लगेच ओळखला. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत ज्यांच्याकडे मी शिवण शिकले, त्या अक्का. त्यांच्या हाताखालून गेलेल्या बायका सगळ्या हुबळीत आहेत आणि सगळ्या अजून त्यांना भितात. त्यांनी आयुष्यात माझ्या एकाही ब्लाऊजला बरा म्हटलेलं नाही. आणि त्या माझं कटिंग विकत का घेतील? ज्यांनी मला मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडतात तिथला, गोल काढायला शिकवला, त्यांना माझ्या छापील मुंढ्याची काय गरज?

“अक्का, मी आहे,” मी म्हणाले.

“हौदा? तू होय?” अक्का म्हणाल्या. “मग हिकडं येऊन बोल. फोनवर काय कायदा सांगायलीस?”

गेले. हातगाड्या चुकवत, जिना चढत, मनात अटींची उजळणी करत. खोलीत मुली खाली खाकी कागद पसरून बसल्या होत्या. अक्का खुर्चीत होत्या आणि त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला होता. उन्हाळ्यात झटका आला, त्या म्हणाल्या, तोंड शाबूत राहिलं एवढं नशीब. फळ्यावर त्यांना आता रेघ ओढता येत नव्हती. छापील कटिंगवर वर्ग चालला तर चालला, नाहीतर दिवाळीनंतर खोली सोडायची. म्हणून त्यांनी घेतलं होतं. माझं आहे हे त्यांना ठाऊक होतं की नाही, ते मी विचारलं नाही. विचारायचं धाडस नव्हतं.

लिंकचा उलगडा लगेच झाला. मेल आल्या आल्या त्यांनी तो स्वतः न उघडता वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. आमच्याकडे आलेली गोष्ट आधी पुढं पाठवतात, मग बघतात. तीन मुलींनी पटापट दाबलं आणि अक्कांची पाळी आली तेव्हा दार बंद.

“फुकट घ्या अक्का,” मी म्हणाले. मला खरंच रडू येत होतं. “सगळ्या फाइली देते.”

“सुम्ने, उगंच फुकट कशाला? फुकट घेतलं की तू मला शिकवायला येशील. काय ते लायसन वाच. मोठ्यानं.”

मग मी, माझ्या गुरूसमोर उभी राहून, माझ्याच अटी मोठ्यानं वाचल्या. मुलींसाठी अक्का त्याचं कन्नड करत होत्या आणि कन्नडमध्ये ते अजूनच निर्लज्ज वाटत होतं. एका मुलीनं विचारलं, कटिंग माझं आणि मशीन बहिणीचं, तर शिवायचं कुणी? दुसरीनं विचारलं, कागद सासूनं बघितला तर चालतो काय? इतक्या बारकाईनं ते कुणी वाचेल असं मला वाटलंच नव्हतं.

“एकाच व्यक्तीसाठी,” अक्का म्हणाल्या. “मग वर्ग कसा चालवायचा?”

बरोबर होतं. तसा परवाना मी केलाच नव्हता. तिथंच खाली बसून फोनवर लिहायला घेतला. शिकवणाऱ्या बाईनं आपल्या वर्गातल्या मुलींसाठी प्रिंट काढाव्यात. मुलींनी कागद जवळ ठेवावा, त्यावरून शिवावं, विकावं. फाइल मात्र बाईंकडेच राहील, ग्रुपवर जाणार नाही. शेवटचं वाक्य वाचताना मी मुलींकडं बघितलं. तिघींनी मान खाली घातली आणि माझ्यासमोर फाइली पुसल्या. अक्कांनी डाव्या अंगठ्यानं रीतसर पैसे भरले आणि नवी लिंक या वेळी स्वतःच उघडली. पानाच्या तळाला परवाना घेणाऱ्याचं नाव छापून येतं. साइटनं नाव विचारलं.

“माझं नको,” त्या म्हणाल्या. “वर्गाचं घाल.”

“का हो?”

“तूच लिवलंयस की, दुसऱ्याच्या नावावर होत न्हाई. मग मी गेल्यावर?”

ते वाक्य लिहिताना माझ्या डोळ्यासमोर फक्त चोर होते. मरणारी माणसं नव्हती. जुन्या अटींतून नव्या परवान्यात आलेलं ते वाक्य मी काढून टाकलं आणि लिहिलं, ‘वर्ग जो चालवेल त्याच्याकडे हा परवाना राहील.’ वाचून दाखवलं. अक्कांनी मान हलवली.

“पण अक्का, चालवणार कोण?”

“ते तुझ्या लायसनमधी येत न्हाई,” अक्का म्हणाल्या. “साकु, पुरे आता. खडू घे आणि त्या कोपऱ्यातल्या पोरीचा मुंढा बघ, वाकडा आलाय.”

मी खडू घेतला. मुंढा खरंच वाकडा आला होता.