बेलापूरच्या गोदामातले पाईप

नगरच्या एमआयडीसीतली ती मूळ कंपनी ठिबकचे पाईप बनवायची. शेवगाव आणि बेलापूरला तिच्या दोन उपकंपन्या होत्या. ऑडिटर म्हणून तिन्हींचे हिशोब एकत्र करून तपासायचं काम माझं. एकमेकींची येणी-देणी काढून टाकायची, आणि तिघींच्या गटातच पडून असलेल्या मालावर चढवलेला नफाही. माल बाहेरच्या गिऱ्हाइकाला गेल्याशिवाय तो नफा खरा नव्हे.

त्या वर्षी कंपनीच्या अकाउंटंट बाईंनी नफ्यातून एक मोठी वजावट मांडली. शंभरला बनलेला पाईप शेवगावला सव्वाशेला गेला आणि मार्चअखेरीस तिथून बेलापूरला एकशे चाळीसला. बाईंचं म्हणणं, पंचवीस आणि पंधरा, दोन्ही टप्पे काढा.

संचालकांना बँकेपुढे नफा दाखवायचा होता. ते हसून म्हणाले, "मॅडम, शेवगावच्या यार्डात एक पाईप दाखवा, पेढे देतो! काय साहेब, शिल्लक आहे का काही?"

"शेवगावला शून्य," मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते. पण एप्रिलच्या सुरुवातीला माल मोजायला मी स्वतः बेलापूरला गेलो होतो. तिथल्या गोदामवाल्याने थप्पीवर हात आपटून सांगितलं होतं, "शेवगावचेच हायेत हे. टेम्पोनं आले, अजून एक बी गेला न्हाई."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सर, तुम्ही बेलापूरला मोजलेत ना?"

मी थकलो होतो. येणी-देणी पैशापैशाने जुळली होती. सगळं पुन्हा उघडायचं जिवावर आलं. मी म्हणालो, "शिल्लक शून्य असेल तर वजावट कसली?" संचालक म्हणाले, "ऐकलंत? मोठे साहेब सांगतायत." मी सही केली. वजावट चुकीची मांडली म्हणून महिन्याभरात बाईंना काढलं.

पुढच्या वर्षी ते पाईप शेतकऱ्यांनी नेले. जेवढा नफा आधीच दाखवला होता, तेवढा त्या वर्षी कमी पडला आणि कुणी विचारलंही नाही. बाईंना मात्र गावात दुसरी चांगली नोकरी मिळेना. जिथे जात तिथे जुन्या कंपनीला फोन होई.

आता मी निवृत्त आहे. मागच्या आठवड्यात त्यांना फोन केला. त्या श्रीरामपूरला एका दुकानाचे हिशोब बघतात.

"संचालक मंडळाला लिहितोय," मी म्हणालो. "तुमची वजावट बरोबर होती, मला माहीत होतं, असं. एक प्रत तुम्हाला."

त्यांच्या मागे दुकानात कुणीतरी साबणाचा भाव विचारत होतं.

"आता कशाला, सर?"

मी पत्राचा कच्चा कागद पुढ्यात ओढला.

"लिहिणारच असाल," त्या म्हणाल्या, "तर दोन्ही टप्पे लिहा. नुसते पंचवीस नाही. पंधरा पण."

पत्रात पंचवीस आणि पंधरा, मिळून चाळीस लिहिलेत.